चिवड्याच्या पाकिटाची मागची बाजू: घटकांची यादी आणि पोषण तक्ता मराठी-इंग्रजीत कसा करायचा

पाकिटाची पुढची बाजू सगळ्यांना करायची असते. चिवड्याचा फोटो, ब्रँडचं नाव, नक्षीदार चौकट. मागची बाजू मात्र बहुतेक वेळा छपाईला जायच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी गळ्यात पडते, आणि सोबत निरोप असतो, "इंग्रजी आहेच, फक्त मराठी करून द्या." ते गळ्यात पडलेलं काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून पातळ पोह्यांच्या चिवड्याचं २०० ग्रॅमचं पाकीट घेऊ. या एका पदार्थात निम्म्याहून जास्त खाचखळगे सापडतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग आणि प्रदर्शन विनियमांनुसार लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावी लागते. यातला 'देवनागरी' एवढाच शब्द वाचून बरेच लोक निश्चिंत होतात, कारण मराठीही देवनागरीच. पण नियमात लिपीआधी भाषा आहे. फक्त मराठीतलं लेबल चालत नाही. मराठी ही जादा भाषा म्हणून हवी तेवढी घालता येते. अट इतकीच की तिच्यातली माहिती इंग्रजीतल्या किंवा हिंदीतल्या माहितीला छेद देणारी नसावी. म्हणजे 'मराठी तर शोभेला आहे, थोडं इकडंतिकडं चालेल' हा युक्तिवादही बाद. मराठीत जे छापाल तेही तुम्ही केलेलं विधानच आहे.

आधी वजनकाटा, मग शब्दकोश

भाषांतराला बसण्याआधी बनवणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: एका घाण्याला लागलेल्या प्रत्येक जिनसाचं ग्रॅममधलं वजन, आणि कच्च्या मालाच्या प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो. 'अंदाजे दोन वाट्या' मिळालं तर ते परत पाठवा. आपल्या चिवड्याचा घाणा असा आहे असं धरू: पातळ पोहे ५००० ग्रॅम, शेंगदाणे १२००, डाळं ९००, सुकं खोबरं ५००, साखर ३५०, हिरवी मिरची २००, मीठ १५०, कढीपत्ता १००, तीळ ८०, मोहरी ४५, हळद ३५, जिरं ३०, हिंग २० आणि लिंबूसत्त्व १५ ग्रॅम.

तेल मुद्दाम वगळलं, कारण तिथेच पहिली चूक होते. कढईत तेल ओतलं दोन किलो. पण दाणे आणि खोबरं तळून, फोडणी करून झाल्यावर पाचशे ग्रॅम उरलं. चिवड्यात गेलं ते १५०० ग्रॅम. यादीसाठी हाच आकडा धरायचा. तेल आधी आणि नंतर मोजलं नसेल तर पुढच्या घाण्याला मोजायला सांगा. ओतलेल्या तेलावरून कुणी हिशेब केला तर मेदाचा आकडा फुगतो. तेल धरलंच नाही तर तो इतका खाली येतो की प्रयोगशाळेच्या अहवालाशी मेळच बसत नाही.

यादीतला क्रम वजनाच्या उतरत्या भाजणीने लागतो, आणि वजन धरायचं ते माल बनवताना घातलेलं. मिरची तळल्यावर दोनशेची पन्नास ग्रॅम होते, तरी यादीत ती दोनशेच्याच जागी बसते. उलट पोषण तक्ता तयार मालाच्या १०० ग्रॅमवर असतो. आपल्या घाण्यात साधारण १०,१२५ ग्रॅम माल आत गेला आणि पोहे, मिरची, कढीपत्ता यांच्यातलं पाणी उडून ९५०० ग्रॅम चिवडा बाहेर आला. यादी आत जाणाऱ्या वजनाची आणि तक्ता बाहेर येणाऱ्या वजनाचा, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा बराच गोंधळ टळतो.

क्रमाची आणखी एक गंमत. नियम मसाल्यांना एका गटनावाखाली घालू देतो. मोहरी, हळद, जिरं सुटे लिहिले तर ते तिळाच्याही खाली जातात. 'मसाले' म्हणून एकत्र केले तर त्यांची बेरीज ११० ग्रॅम होते आणि तो गट कढीपत्त्याच्या वर चढतो. गट करून जागा जुनीच ठेवली की क्रम चुकला.

इंग्रजी यादी गोठवा, मग मराठीला हात लावा

दोन्ही भाषा एकदम करत बसू नका. इंग्रजी यादी पूर्ण करा, मालकाकडून ती मंजूर करून घ्या, आणि मगच मराठी सुरू करा. नाहीतर इंग्रजीत शेवटच्या क्षणी साखर एक जागा वर सरकते आणि मराठीत ती जुन्याच जागी बसून राहते. आपल्या चिवड्याची यादी अशी होईल:

```
Ingredients: Flattened rice (thin poha), Groundnut oil,
Peanuts, Roasted Bengal gram, Dry coconut, Sugar,
Green chilli, Iodised salt, Spices (Mustard, Turmeric,
Cumin), Curry leaves, Sesame seeds, Compounded
asafoetida (contains wheat flour), Acidity regulator
(INS 330).
Contains: Peanut, Wheat.
```

```
घटक: पातळ पोहे, शेंगदाणा तेल, शेंगदाणे, डाळे (फुटाण्याची
डाळ), सुके खोबरे, साखर, हिरवी मिरची, आयोडीनयुक्त मीठ,
मसाले (मोहरी, हळद, जिरे), कढीपत्ता, तीळ, बांधानी हिंग
(गव्हाचे पीठ असलेला), आम्लता नियंत्रक (INS 330).
यात आहे: शेंगदाणे, गहू.
```

आता यातले अडणारे शब्द.

मथळा 'घटक'. 'साहित्य' हा पाककृतीतला शब्द आहे, आणि 'सामग्री' हिंदी पाकिटावरून उचललेला. हिंदी लेबल समोर ठेवून मराठी केलं की असे पाहुणे शिरतातच. 'अजवाइन' तसाच राहतो आणि ओवा गायब होतो, 'सौंफ' येते आणि बडीशेप जाते. एका पाकिटावर मी 'मूंगफली तेल' वाचलंय, आणि ते पाकीट साताऱ्याकडचं होतं.

'डाळं' हा शब्द घराघरात चालतो, पण लेबलवर एकटा सोडला तर कोणती डाळ हे विदर्भातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला कळेलच असं नाही. शेजारी 'फुटाण्याची डाळ' लिहिलं की प्रश्न मिटतो. इंग्रजीत त्याचं नुसतं 'दाल' किंवा 'पल्स' करू नका. हरभऱ्याला भारतीय लेबलांवर बेंगॉल ग्रॅम म्हणतात आणि डाळं भाजलेलं असतं, म्हणून रोस्टेड. खोबरं आणि नारळ यांतही असाच फरक सांभाळा. चिवड्यात सुकं खोबरं असतं. इंग्रजीत नुसतं कोकोनट लिहिलं तर ओला नारळ की सुका, हे कळत नाही, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने हा फरक छोटा नाही.

तेलाच्या बाबतीत 'खाद्यतेल' एवढं मोघम लिहून भागत नाही, तेलाचं नाव सांगावं लागतं. मराठीत 'गोडेतेल' हा जुना गोड शब्द मोहात पाडतो. पण त्याचा अर्थ कुणी शेंगदाण्याचं तेल असा घेतं, कुणी नुसतं खाण्याचं तेल असा. लेबलवर 'शेंगदाणा तेल'.

लिंबूसत्त्वाने मात्र मला एकदा चांगलंच शिकवलं. बनवणाऱ्या मावशींनी यादीत 'लिंबू' लिहून दिलं होतं. मी विश्वासाने तेच मराठीत ठेवलं आणि इंग्रजीत लेमन केलं. पुढे डिझायनरने पाकिटावर कापलेलं लिंबू काढलं. नमुना छापून आला तेव्हा मी सहज विचारलं, "मावशी, लिंबं किती पिळता हो एका घाण्याला?" त्या म्हणाल्या, "लिंबं कशाला? किराणा दुकानातली ती पांढरी पावडर असते ना, लिंबाचं फूल." ते सायट्रिक ॲसिड. म्हणजे दोन भाषांत चूक आणि वर चित्रात तिसरी. अशा पदार्थाला आधी त्याचं काम सांगणारं गटनाव द्यायचं, आणि त्यासोबत त्याचं विशिष्ट नाव किंवा आयएनएस क्रमांक, म्हणजे ॲडिटिव्हला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. नुसता क्रमांक पुरत नाही. मराठीत 'आम्लता नियंत्रक' हे नाव चांगलं कळतं. क्रमांकातली इंग्रजी अक्षरं मात्र मराठी ओळीतही तशीच ठेवावीत, कारण शंका आली तर ग्राहक नेमकं तेच शोधणार असतो.

वीस ग्रॅम हिंग

या चिवड्यातला सगळ्यात धोक्याचा घटक वजनाने जवळजवळ शेवटचा आहे. बाजारात मिळणारा हिंग बहुतेक वेळा शुद्ध हिंग नसतो. तो बांधानी हिंग असतो: हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ किंवा स्टार्च मिसळून केलेला. पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. काही कंपन्या तांदळाचं वापरतात. म्हणूनच कच्च्या मालाच्या पाकिटांचे फोटो मागवायचे.

नियम असा की मिश्र घटक लिहिताना त्याचे पोटघटक कंसात द्यावेत. तो घटक एकूण मालाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर पोटघटक सांगायची सक्ती नाही. त्यात काही काम करणारा ॲडिटिव्ह असेल तर तेवढा सांगावा लागतो. आपला हिंग अर्धा टक्काही नाही, म्हणून लोक 'हिंग' लिहून मोकळे होतात. पण ॲलर्जीची घोषणा या सवलतीने सुटत नाही. गहू, राय, बार्ली, ओट्स अशी ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि झाडावरचे सुके मेवे, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट, यांतलं काहीही असेल तर ते स्वतंत्र ओळीत सांगावंच लागतं. पोहे तांदळाचे, डाळं हरभऱ्याचं, म्हणून 'हा चिवडा ग्लुटेन टाळणाऱ्यांना चालतो' असं घरातलं कुणीही सहज म्हणेल. चालत नाही, आणि त्याचं कारण हे वीस ग्रॅम आहेत.

ही ओळ मराठीत करताना क्रियापद नीट बघा. घटक प्रत्यक्ष असेल तर 'यात आहे'. त्याच जागी दुसरा पदार्थ बनतो म्हणून चुकून अंश येऊ शकत असेल तर 'यात अंशरूपाने असू शकते'. घाईत पहिल्याचं दुसरं होतं, कारण 'असू शकते' जरा सौम्य, जबाबदारी टाळणारं वाटतं. इंग्रजी ठामपणे सांगतंय आणि मराठी शंका घेतंय, ही नेमकी ती विसंगती, जी नियमाला नको आहे. शिवाय यादीत 'शेंगदाणे' आणि ॲलर्जीच्या ओळीत 'भुईमूग' असं करू नका. दोन्हीकडे एकच शब्द ठेवा.

तीळ आणि मोहरी भारताच्या या यादीत नाहीत. पण दिवाळीला हाच चिवडा अमेरिकेला विकायला पाठवायचा असेल तर तिथे १ जानेवारी २०२३ पासून तीळ जाहीर करणं सक्तीचं आहे, आणि युरोपात तीळ व मोहरी दोन्ही. तिथलं लेबल वेगळंच करावं. इथल्यावर ठिगळ लावू नये.

तक्ता: आधी तपासा, मग भाषांतर करा

पोषण तक्त्याचे आकडे सहसा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालातून येतात. तो इंग्रजीत असतो आणि प्रयोगशाळेच्या भाषेत असतो. अहवाल आला की तो लगेच लेबलवर उतरवू नका. घाण्याच्या वजनांवरून तीनचार आकडे स्वतः काढून बघा, कागदावर पाच मिनिटं लागतात.

सोडियमपासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात सोपा. मिठात वजनाच्या सुमारे ३९.३ टक्के सोडियम असतं. १५० ग्रॅम मिठात साधारण ५९ ग्रॅम, म्हणजे ५९,००० मिलिग्रॅम. ते ९५०० ग्रॅम चिवड्यात पसरलं, तर १०० ग्रॅमला ६२० मिलिग्रॅमच्या आसपास. अहवालात मात्र ६,२०० असा आकडा दिसेल, आणि नवखा माणूस तोच उतरवेल. अहवालात एकक बघा: मिलिग्रॅम प्रति किलो. लेबलला हवं प्रति १०० ग्रॅम. एक शून्य जास्त पडलं की ग्राहकाला वाटणार, १०० ग्रॅम चिवड्यात पंधरा ग्रॅमहून जास्त मीठ आहे. जाता जाता, 'सोडियम'चं भाषांतर 'मीठ' करू नका. दोन्ही आकडे वेगळे आहेत. सोडियमला सुमारे अडीचने गुणलं की मीठ येतं.

साखरेचं असंच. वरून घातलेली ३५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला ३.७ ग्रॅम. दाणे, डाळं, खोबरं यांत अंगची थोडी शर्करा असते. त्यामुळे एकूण शर्करेचा आकडा घातलेल्या साखरेपेक्षा जास्तच हवा. तो कमी दिसला तर दोन ओळींची अदलाबदल झाली आहे. शेवटी ऊर्जा पडताळा: प्रथिनांना ४, कर्बोदकांना ४ आणि मेदाला ९ ने गुणून बेरीज करा. आपल्याकडे ९.६ ग्रॅम प्रथिनं, ५२ ग्रॅम कर्बोदकं आणि २५.७ ग्रॅम मेद आहे. बेरीज ४७८ किलोकॅलरीच्या जवळ जाते. अहवालातला आकडा याच्यापासून फार लांब असेल तर भाषांतर थांबवा आणि प्रयोगशाळेला फोन करा.

शेजारच्या रकान्यात एका वेळच्या प्रमाणात दैनंदिन गरजेच्या किती टक्के मिळतात हे द्यायचं असतं. त्यासाठी पाया ठरलेला आहे: २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम. एका वेळचं प्रमाण मी २५ ग्रॅम सुचवते. २०० च्या पाकिटात बरोबर आठ वेळा बसतं आणि १०० चा चौथा हिस्सा असल्याने हिशेब तोंडी तपासता येतो. ३० धरलं तर 'अंदाजे ६.७ वेळा' असलं काहीतरी विचित्र छापावं लागतं.

```
पोषणविषयक माहिती / Nutritional Information
एका वेळचे प्रमाण / Serving size: 25 g
पाकिटातील प्रमाणे / Servings per pack: 8

                               100 g   %RDA/25 g
ऊर्जा / Energy (kcal)             478     6.0
प्रथिने / Protein (g)              9.6     -
कर्बोदके / Carbohydrate (g)       52.0     -
  एकूण शर्करा / Total sugars (g)   4.8     -
  वरून घातलेली साखर /
  Added sugars (g)                3.7     1.8
एकूण मेद / Total fat (g)          25.7     9.6
  संपृक्त मेद / Saturated fat (g)   6.9     7.8
  ट्रान्स फॅट / Trans fat (g)       0       0
  कोलेस्टेरॉल / Cholesterol (mg)    0       -
सोडियम / Sodium (mg)              620     7.8
```

आकडे उदाहरणातल्या घाण्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. मुद्दा मांडणीचा आहे. दोन भाषांचे दोन तक्ते करू नका. एकच तक्ता, ओळींची नावं दोन्ही भाषांत, आकडे एकदाच. दोन तक्ते केले की दुरुस्ती एकात होते आणि दुसरा विसरला जातो. शिवाय जागा वाचते, आणि छोट्या पाकिटावर तीच तर नसते.

आकडे मी आंतरराष्ट्रीय रूपातले ठेवते, देवनागरी नाही. वैधमापन कायदा, २००९ मध्ये अंकांसाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप हेच मान्य रूप आहे. एका पाकिटावर वजन एका अंकांत आणि तक्ता दुसऱ्यात, हे बघायलाही बरं वाटत नाही. ग्रॅमसाठी चिन्ह एकच लहान g. 'जीएम' किंवा 'जीएमएस' असं जे आपण किराणा यादीत लिहितो, ते लेबलवर नको.

ओळींच्या नावांबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. 'प्रथिने' आणि 'कर्बोदके' शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्या जागी हिंदीतून आलेलं 'प्रोटीन', 'कार्बोहाइड्रेट' कशाला? पण 'ट्रान्स फॅट' मात्र तसंच ठेवावं. त्याला मराठी प्रतिशब्द तयार करून छापला तर तो फक्त छापणाऱ्याला कळतो. 'फॅट'साठी 'चरबी' टाळा. बोलताना ठीक आहे, पण शाकाहारी माणूस चिवड्याच्या पाकिटावर 'चरबी २५.७ ग्रॅम' वाचून दचकतो, आणि त्याचं चूक नाही. 'एकूण शर्करा' म्हणायचं, 'एकूण साखर' नाही, कारण त्यात अंगची शर्करा येते. डब्यातून काढून घातली ती 'साखर'.

कोलेस्टेरॉल शून्य दिसलं की मालकाला पुढच्या बाजूला 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापायचं असतं, तेही ठळक मराठीत. हा दावा आहे, आणि त्याला नुसतं कोलेस्टेरॉल कमी असून भागत नाही, संपृक्त मेदही १०० ग्रॅमला दीड ग्रॅमपेक्षा कमी लागतो. आपल्या चिवड्यात खोबऱ्यामुळे आणि तेलामुळे तो ६.९ आहे. 'घरगुती', 'शुद्ध', 'पारंपरिक' या शब्दांनाही दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांत बंधनं आहेत. इंग्रजीतून काढून टाकलेला शब्द मराठी ओळीत हळूच परत येत नाही ना, एवढं बघा.

मजकूर बरोबर, छपाई चूक

तुम्ही 'प्रथिने' पाठवता, पाकिटावर वेलांटी एक अक्षर पुढे सरकलेली असते. डिझायनरने युनिकोड मजकूर अशा सेटिंगमध्ये चिकटवला की त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवताच येत नाही. जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेली अक्षरं दिसतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडायला सांगा, इलस्ट्रेटरमध्ये आधी टाइपच्या प्रेफरन्समधून `Show Indic Options` सुरू करायला. जुन्या बिगर-युनिकोड फाँटवर काम करणारा डिझायनर असेल तर मजकूर त्याला रूपांतर करून घ्यावा लागतो. तिथे तपासणी दुप्पट करा, कारण रूपांतरात एखादं जोडाक्षर हमखास बदलतं.

चाचणीसाठी मी पाच शब्दांची एक ओळ आधी पाठवते: प्रथिने, कर्बोदके, संपृक्त, ॲलर्जी, दुसऱ्या. पहिल्यात वेलांटी, दुसऱ्यात रफार, तिसऱ्यात ऋकार आणि जोडाक्षर, चौथ्यात मराठीचा ॲ आणि पाचव्यात ऱ्या. ॲच्या जागी चौकोन आला तर फाँटमध्ये ते अक्षरच नाही. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली, आणि फाँटमध्ये सोय असली, तर ल आणि श हेही मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

आकाराचंही बोलून घ्या. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये अक्षराचा मूळ देह इंग्रजीपेक्षा लहान दिसतो. इंग्रजीएवढाच आकार दिला तर मराठी वाचायला बारीक होते, आणि ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या मात्रेवर आपटतो. मी मराठी एक ते दीड पॉइंट मोठी आणि ओळींतलं अंतर थोडं सैल मागते. जागा कमी पडली तर पुढची नक्षी लहान करायला सांगते, मागचा मजकूर नाही. भांडण होतं, पण करते.

वाचून बघण्याची रीत

छपाईला जाण्याआधी अक्षरांचं रेखाटनात रूपांतर होतं. त्यानंतर शब्द शोधता येत नाही, फक्त डोळ्यांनी वाचता येतं. म्हणून शेवटचा नमुना खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या. स्क्रीनवर मोठं करून बघितलेलं काही खरं नाही.

मग दोघांनी बसायचं. एकाच्या हातात मंजूर केलेली फाइल, दुसऱ्याच्या हातात नमुना. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, आकडे एक एक अंक करून: "सहा, दोन, शून्य, एमजी." 'सहाशे वीस' म्हणायचं नाही, कारण डोळा चुकलेला आकडाही ओळखीच्या उच्चारात दुरुस्त करून वाचतो. यादीतले घटक दोन्ही भाषांत मोजा. आपल्याकडे मसाल्यांचा गट एक धरून तेरा आहेत. इंग्रजीत तेरा आणि मराठीत बारा निघाले तर बहुधा तीळ सुटलेत, कारण तो सगळ्यात लहान शब्द आहे. कंस उघडले तितके बंद झालेत का हेही बोट ठेवून बघा.

आणि हे लेबल कोणत्या घाण्याचं, कोणत्या तेलाचं, कोणत्या हिंगाचं आहे, ते तारखेसह फाइलच्या नावात लिहून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर शेंगदाणा तेल महागलं की कुणीतरी पामोलिन आणतं, आणि फोन येतो, "ताई, तेवढा एक शब्द बदलून द्या." तो एकच शब्द नसतो. दोन्ही याद्यांतलं तेलाचं नाव बदलतंच, पण संपृक्त मेदही जवळजवळ सातवरून अकराच्या आसपास जातो, त्याचे टक्के बदलतात, आणि तक्ता पुन्हा काढावा लागतो. छापलेली पाकिटं शिल्लक असतील तर नवं तेल आणण्याआधी ती संपवायला सांगा.